खिशाने लिहिलेला मजकूर

अर्थ लागला तर माणसाने लिहिलंय, अर्थ लागला नाही तर खिशाने. मोबाइलवर येणाऱ्या अगम्य मेसेजबद्दल माझं मत बरीच वर्षं एवढंच होतं. ते इतकं उघड वाटायचं की त्यावर वेगळा विचार करायची कधी गरजच पडली नाही. ते मत मी आता सोडलं आहे. अर्थावरून खिसा ओळखता येत नाही. खिशाचा मजकूर कधीकधी चक्क अर्थपूर्ण असतो, आणि पार निरर्थक दिसणाऱ्या ओळीमागे कधीकधी एक माणूस आपल्याला काहीतरी सांगायची धडपड करत असतो. हे पटायला मला वेळ लागला. कसं पटलं ते सविस्तर सांगते, कारण रोज शंभर माणसांचे मेसेज वाचणाऱ्या कुणालाही ते उपयोगी पडेल.

मी नाशिकला द्वारकेजवळ एका माल-वाहतुकीच्या ऑफिसात बसते. बिल्ट्या फाडायच्या, गाडी कुठवर आली याचा माग ठेवायचा, माल उतरला की पोच मिळाली का ते बघायचं, असं काम. द्वारका म्हणजे मुंबई-आग्रा महामार्ग आणि नाशिक-पुणे रस्ता जिथे एकमेकांना मिळतात तो चौक. वरून उड्डाणपूल गेला, लांबच्या गाड्या वरून निघून जातात. पण पुण्याकडे वळणारी, सारडा सर्कलकडून येणारी, जुन्या नाशकात शिरणारी सगळी वाहतूक खालीच असते आणि खालीच तुंबते. आमचे ड्रायव्हर नेमके तिथे अडकलेले असताना फोन काढतात. गाडी उभी आहे तोवर ‘द्वारका आलो’ एवढं लिहून पाठवतात. तेवढ्यात पुढची गाडी हलते, मागून हॉर्न सुरू होतात, आणि फोन तसाच शर्टाच्या खिशात जातो. बाजूचं बटण दाबून स्क्रीन बंद करायला कुणाला सवड नसते. माझ्याशी चाललेलं बोलणं उघडं, कीबोर्ड वर आलेला, आणि फोन छातीशी. खिशाचे मेसेज जन्माला येतात ते इथे.

काही वेळ हात लावला नाही तर स्क्रीन आपोआप बंद होते, मग खिशात ती चालू कशी राहते, असं मला आधी वाटायचं. उत्तर सोपं आहे. ‘इतक्या सेकंदांनी बंद’ हे शेवटच्या स्पर्शापासून मोजलं जातं. खिशातला प्रत्येक स्पर्श ते मोजमाप पुन्हा शून्यावर आणतो. एकदा दाब पडायला लागला की फोन स्वतःलाच जागं ठेवतो, आणि गाडी पुणे रस्त्यावर उपनगरच्या पुढे गेली तरी लिहिणं चालूच राहतं.

कापडाआडून स्पर्श लागतो तो स्क्रीनच्या रचनेमुळे. आजच्या फोनची काच दाबाने चालत नाही. काचेखाली विजेचं एक बारीक जाळं असतं आणि वीजवाहक असं आपलं शरीर जवळ आलं की तिथला विद्युतभार किंचित बदलतो. तो बदल म्हणजे स्पर्श. जाड जीन्समधून हा बदल पोचत नाही. शर्टाचा खिसा मात्र पातळ कापडाचा असतो, आत घामाने ओला झालेला असतो, आणि ओलं पातळ कापड शरीराला काचेपासून फारसं वेगळं ठेवू शकत नाही. नाशिकच्या एप्रिल-मे महिन्यात असे मेसेज वाढतात, असं मी पाहते आहे.

हे टाळायला फोनमध्ये सोय असते. वरच्या टोकाला, कानाशी येतो त्या भागात, समोर काही आलं आहे का हे ओळखणारा सेन्सर असतो. बऱ्याच फोनमध्ये त्याच्या मदतीने ‘फोन खिशात आहे, स्पर्श मानू नका’ असं ठरवता येतं. पण शर्टाचे खिसे पूर्वीच्या मापाचे आणि फोन आताचे. फोनचं वरचं टोक खिशाबाहेर डोकावत असतं. सेन्सरसमोर काहीच नसतं, तो समजतो फोन हातात आहे. आणि कीबोर्ड असतो स्क्रीनच्या खालच्या भागात, म्हणजे खिशाच्या तळाशी, छातीला बरोबर चिकटलेला.

आता प्रत्यक्ष मजकुराकडे येते. असे मेसेज मी पूर्वी नुसते अंगठ्याने वर सरकवून द्यायचे. हल्ली एकेक अक्षर बघते. पुण्याकडे निघालेल्या एका गाडीतून आलेला हा नमुना, जसाच्या तसा:

```
Gh. Hj.   &  -   H. Bh.   +
  ,   Nb. G
```

सगळ्यात आधी रिकाम्या जागा बघाव्यात. अक्षरं थोडी आणि मोकळी जागा फार. कीबोर्डवर सगळ्यात रुंद बटण स्पेसचं. ते सर्वांत खालच्या ओळीत, मधोमध. बोट नेम धरून अक्षरावर पडतं; छातीचा दाब नेम धरत नाही, तो पसरट असतो, आणि पसरट दाबात सगळ्यात मोठं बटण सगळ्यात जास्त वेळा सापडतं. म्हणून खिशाच्या मजकुरात मोकळ्या जागा दोन-दोन, तीन-तीन सलग येतात. माणूस दोन शब्दांत एकच जागा सोडतो. चुकून दुसरी सुटलीच तर एखाद-दोनदा.

मग ते पूर्णविराम. वरच्या मजकुरात ते इतके का आहेत? छातीने पूर्णविरामाचं बटण शोधून काढलं असं नाही. अक्षरानंतर स्पेस दोनदा पटकन दाबली की कीबोर्ड स्वतःहून पूर्णविराम घालतो. वाक्य संपवायची ती एक सोय आहे. आणि पूर्णविराम पडला की पुढचं अक्षर तो आपोआप मोठं करतो. त्यामुळे `Gh. Hj.` असे तुकडे दिसतात. प्रत्येक तुकडा मोठ्या अक्षराने सुरू होणारा आणि टिंबाने संपणारा, दिसायला वाक्यासारखा. हा सगळा नीटनेटकेपणा कीबोर्डचा आहे. पूर्वी मला अशा टिंबांमुळेच शंका यायची की ड्रायव्हरने काही संक्षेप लिहिले असावेत, गावांची आद्याक्षरं असावीत. आता टिंबं जास्त दिसली की मी ती स्पेसमध्येच मोजते.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात उशिरा कळली, आणि माझ्या मते इंग्रजी मजकुरात तीच सगळ्यात पक्की खूण आहे. मजकुरातली अक्षरं पाहा: `G`, `h`, `H`, `j`, `B`, `N`, `b`. इंग्रजी कीबोर्ड डोळ्यांसमोर आणा. मधल्या ओळीत `g h j` शेजारी-शेजारी आहेत आणि त्यांच्या लगेच खाली `b n`. म्हणजे सगळी अक्षरं रुपयाच्या नाण्याएवढ्या एका डागातली. आता चिन्हं पाहा: `&`, `-`, `+`. ही कुठून आली? माझ्या फोनच्या कीबोर्डवर एखादं अक्षर दाबून धरलं की त्याच्यामागे दडलेलं चिन्ह उमटतं. `g` धरून ठेवला की `&`, `h` धरला की `-`, `j` धरला की `+`. चिन्हंही त्याच डागातली निघाली. बोट टिचकी मारून लगेच उठतं. खिशातला दाब मात्र उठत नाही, तो तसाच टेकलेला राहतो, आणि अर्ध्या सेकंदाच्या आतच कीबोर्ड समजतो की याला मागचं चिन्ह हवं आहे. म्हणून खिशाच्या मजकुरात `&` आणि `+` येतात. त्यांना काही अर्थ नसतो, पण ती शेजारच्या अक्षरांशी जुळतात. अक्षरांचा डाग एका ठिकाणी आणि चिन्हांचा भलतीकडे, असं असेल तर मी थांबते आणि पुन्हा वाचते.

या डागाच्या खुणेची उलट बाजू दाखवणारा एक प्रसंग जगभर गाजला होता. मार्च २०२१मध्ये अमेरिकेच्या अण्वस्त्रांची जबाबदारी असलेल्या ‘यूएस स्ट्रॅटेजिक कमांड’च्या ट्विटर खात्यावर अचानक हा मजकूर आला:

```
;l;;gmlxzssaw
```

लोकांनी नाही नाही ते तर्क केले. नंतर खुलासा झाला की खातं सांभाळणारा कर्मचारी घरून काम करत होता, त्याने जरा पाठ फिरवली आणि त्याच्या लहान मुलाने कीबोर्डवर हात चालवला. माझ्या खुणांनी हा मजकूर तपासला तर तो खिशाचा ठरतच नाही. एकही मोकळी जागा नाही, एकही आपोआप पडलेलं टिंब नाही. अक्षरं आधी उजव्या टोकाची, `;` आणि `l`, मग मधली `g` आणि `m`, पुन्हा `l`, मग एकदम डाव्या कोपऱ्यातली `x z s a w`. डाग एका जागी नाही, तो कीबोर्डभर पळतो आहे. आपटणारा हात असा पळतो. खिसा एका जागी रेलून बसतो, फार तर सावकाश घसरतो.

मराठी कीबोर्डची गोष्ट निराळी आहे, आणि माझं जुनं मत पहिल्यांदा डळमळलं ते मराठीमुळेच. आमच्या काही ड्रायव्हरांच्या फोनवर इन्स्क्रिप्टच्या मांडणीचा कीबोर्ड आहे. सरकारी कार्यालयांत संगणकावर मराठी टाइप करणाऱ्यांना ही मांडणी ओळखीची असते. तिची आखणी अशी की काने, मात्रा, वेलांट्या डाव्या बाजूला आणि व्यंजनं उजव्या बाजूला. दोन्ही हातांनी टाइप करताना एकदा उजवा, एकदा डावा अशी लय राहते: उजव्याने क, डाव्याने काना. खिशाला दोन हात नसतात. दाब डाव्या बाजूला पडला की मधल्या ओळीतून ओकार, मात्रा, पायमोडीचं चिन्ह, ऱ्हस्व वेलांटी, उकार यांची नुसती रांग उमटते. मात्रेला बसायला अक्षरच नसतं. मग स्क्रीनवर अक्षराच्या जागी टिंबांचं एक पोकळ वर्तुळ दिसतं आणि मात्रा त्यावर टांगलेली असते:

```
◌ो◌े◌्  ◌ि◌ि  ◌ु
```

हे दिसलं की खिसा समजायला हरकत नाही. मराठी लिहिणारा माणूस घाईत असो, अर्धवट झोपेत असो, मात्रेने शब्द सुरू करत नाही. एखादी मात्रा निसटते. सलग चार-पाच निसटत नाहीत. काही मराठी कीबोर्ड असे असतात की आधी व्यंजन दाबल्याशिवाय मात्रा समोर येतच नाहीत. तिथे ही खूण मिळत नाही. पण जिथे मिळते तिथे ती फसवत नाही. इंग्रजीत इतकी स्वच्छ खूण कुठलीच नाही.

हाच दाब उजव्या बाजूला सरकला तर मात्र उलट होतं. इन्स्क्रिप्टच्या मधल्या ओळीत उजवीकडे ओळीने चार अक्षरं आहेत: प, र, क, त. चारही व्यंजनं, चारही शेजारी. आता ती कशाही क्रमाने दाबा. पर, कर, तर, परत, करत. मराठीतल्या नित्याच्या शब्दांचा हा छोटा साठाच एका डागात सापडतो, आणि खाली स्पेस तर आहेच. आमच्या फोनवर एकदा हा मेसेज आला:

```
तर  कर   परत कर  रक त
```

माझ्यासोबत काम करणारा मुलगा लगेच बिल्टी शोधायला लागला. ‘ताई, माल परत करायला सांगतायत का?’ ड्रायव्हरला फोन लावला, तर तो गाडी चालवत होता, त्याने काहीच लिहिलं नव्हतं. ‘परत कर’ हे खिशाने लिहिलं होतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की अर्थ लागतो म्हणून माणूस, हे काही खरं नाही. शब्दांच्या मधल्या दुहेरी-तिहेरी मोकळ्या जागा बघितल्या असत्या, ‘रक त’ असा अर्धवट तुटलेला तुकडा बघितला असता आणि सगळ्या मजकुरात चारच अक्षरं आहेत हे मोजलं असतं, तर ‘परत कर’ने आम्हाला धावपळ करायला लावली नसती.

अर्थपूर्ण मजकूर खिशातून यायच्या आणखी दोन वाटा आहेत. कीबोर्डच्या वर तीन सुचवलेले शब्द असतात. दाब त्या पट्टीवर राहिला तर फोन एकापुढे एक शब्द घालत जातो, आणि ते शब्द त्याच माणसाच्या नेहमीच्या बोलण्यातून उचललेले असतात. मजकूर ओळखीचा वाटतो, फक्त तो कुठे पोचत नाही, त्याच दोन-तीन शब्दांभोवती फिरत राहतो. दुसरी वाट म्हणजे फोन कापताना पाठवायचे तयार मेसेज. अँड्रॉइड फोनमध्ये ते आधीपासून लिहिलेले असतात, `Can't talk now. What's up?` असे. जन्मात इंग्रजी ओळ न लिहिलेल्या ड्रायव्हरकडून मला हे सहजसुंदर इंग्रजी येतं तेव्हा त्याने फोन हातात घेतलेलाच नसतो.

इथवरचं सगळं एका बाजूचं झालं: खिसा शहाण्यासारखं लिहू शकतो. पण माझं मत खऱ्या अर्थाने बदललं ते दुसऱ्या बाजूमुळे.

आमच्याकडे एक वयस्क ड्रायव्हर आहेत, आम्ही त्यांना काका म्हणतो. ते मराठी लिहितात पण इंग्रजी अक्षरांत. एका दुपारी त्यांच्याकडून हे आलं:

```
msal utsrla nsji gste bsnd
```

ऑफिसात सगळ्यांनी बघितलं आणि खिसा म्हणून पुढे सरकवलं. काका तिकडे गोदामाच्या दारात आमच्या फोनची वाट बघत बसले होते. संध्याकाळी ते आले तेव्हा उजव्या अंगठ्याला जाड पट्टी. फाळका लावताना बोट चेमटलं होतं, म्हणून डाव्या हाताने लिहिलं होतं. त्यांनी लिहिलं होतं: maal utarla nahi gate band. माल उतरला नाही, गेट बंद.

तो मेसेज मी बराच वेळ समोर ठेवून बसले. एकदा खिशाचे मजकूर नीट बघायची सवय लागल्यावर हा मजकूर किती वेगळा आहे हे डोळ्यांत भरतं. प्रत्येक शब्दानंतर एकच मोकळी जागा. टिंब नाही, चिन्ह नाही. शब्द पाच, आणि प्रत्येकाची लांबी हव्या त्या शब्दाइतकीच: चार, सहा, चार, चार, चार. चुका कुठे आहेत? बऱ्याच `a`च्या जागी `s`, आणि `h`च्या जागी `j`. दोन्ही ठिकाणी बोट एक घर उजवीकडे पडलं आहे. चूक एकाच दिशेची आणि एकाच मापाची. खिशाला असा हिशेब नसतो. लिहिणाऱ्याच्या मनात शब्द पक्का होता आणि बोट प्रत्येक वेळी थोडं हुकलं, एवढंच या मजकुरात घडलं आहे. अर्थ लागत नव्हता म्हणून आम्ही तो टाकला. मोकळ्या जागा बघितल्या असत्या तर माणूस लगेच दिसला असता.

यानंतर मी हा विषय धरून वाचायला लागले, आणि वैद्यकातल्या दोन नोंदी वाचून मला खरोखर धडकी भरली.

पहिली बोस्टनची. डिसेंबर २०११मध्ये एक पंचवीस वर्षांची गरोदर स्त्री डॉक्टरांकडून तपासणी करून निघाली. नवऱ्याने मेसेज करून विचारलं, काय झालं, बाळाची तारीख कधीची? तिच्याकडून उत्तर आलं:

```
every where thinging days nighing
Some is where!
```

शब्द खऱ्यासारखे, मोकळ्या जागा जागच्या जागी, वाक्य संपवणारं चिन्हसुद्धा बरोबर. फक्त अर्थ नाही. तिच्या फोनवर आपोआप दुरुस्ती बंद होती, त्यामुळे हे शब्द फोनने बनवलेले नव्हते. नवऱ्याला हे काहीतरी विपरीत आहे हे कळलं आणि ती रुग्णालयात पोचली. मेंदूचा पक्षाघात होता. डॉक्टरांनी ही नोंद मेंदूविकारांवरच्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली.

दुसरी डेट्रॉइटची, २०१३मध्ये डॉक्टरांच्या परिषदेत मांडलेली. एका चाळीस वर्षांच्या पुरुषाचं बोलणं, वाचणं, हाताने लिहिणं यात काही वावगं सापडेना. पण आदल्या रात्री त्याने बायकोला विचित्र मेसेज पाठवले होते. डॉक्टरांनी त्याला फोनवर ‘डॉक्टरांना नवा ब्लॅकबेरी हवा आहे’ या अर्थाचं इंग्रजी वाक्य टाइप करायला सांगितलं. त्याने लिहिलं:

```
Tjhe Doctor nddds a new bb
```

यात काही चुकलंय का, असं विचारल्यावर त्याला काहीच चुकीचं दिसेना. त्यालाही पक्षाघात झालेला होता.

`nddds` हा शब्द काकांच्या मेसेजशेजारी ठेवून बघा. `needs` लिहायचं होतं. `e`च्या जागी दोन्ही वेळा `d` आला, आणि `d` `e`च्या अगदी खाली आहे. `Tjhe`मधला जादा `j` हा `h`चा शेजारी. मोकळ्या जागा सगळ्या बरोबर. नुसत्या अक्षरांवरून बघितलं तर पट्टी बांधलेल्या काकांचा मेसेज आणि डेट्रॉइटच्या त्या माणसाचा मेसेज एकाच घरातले आहेत. मजकूर कितीही न्याहाळला तरी या दोघांतला फरक मजकुरातून कळणार नाही. मजकूर एवढंच सांगतो की इथे खिसा नाही, माणूस आहे, आणि त्याचं काहीतरी बिनसलं आहे. मग ते बोट असेल, चष्मा असेल किंवा मेंदू असेल.

म्हणून आता माझी पद्धत बदलली आहे. मोकळ्या जागांचे पुंजके, आपोआप पडलेली टिंबं, एका डागातली अक्षरं आणि त्याच डागामागची चिन्हं, किंवा अधांतरी मात्रा, असं दिसलं तर तो खिसा. मी निर्धास्तपणे सोडून देते, फार तर ड्रायव्हरला नंतर सांगते की फोन खिशात घालण्याआधी स्क्रीन बंद करत जा. पण मजकूर निरर्थक आणि मोकळ्या जागा मात्र जागच्या जागी असं असेल, तर मी हातातलं काम ठेवून त्या माणसाला फोन लावते. त्याला बोलतं करते. जीभ जड झाली आहे का, शब्द सापडत नाहीयेत का ते ऐकते. शेजारी कुणी असेल तर त्याला सांगते की चेहरा एका बाजूला ओघळलाय का बघ, दोन्ही हात सारखे वर उचलता येतात का बघ. डेट्रॉइटच्या माणसाचं बोलणं ठीक होतं हे ठाऊक असल्यामुळे आणखी एक गोष्ट करून घेते: तेच वाक्य पुन्हा टाइप करायला लावते आणि विचारते, बरोबर आलंय ना? काकांना आपली चूक लगेच दिसली असती. ज्याला ती दिसत नाही, त्याच्यासाठी १०८ला फोन करायला क्षणभरही थांबायचं नाही. आमच्या ड्रायव्हरांतले बरेचजण पन्नाशीच्या पुढचे, रक्तदाबाच्या गोळ्या कधी घेणारे कधी विसरणारे, रात्र रात्र जागणारे आहेत. ही भीती मला लांबची वाटत नाही.

या सगळ्याला मर्यादा आहे आणि ती लहान मेसेजची. नुसतं `G.` आलं किंवा एकटाच स्वल्पविराम आला, तर त्यात ना डाग सापडतो, ना मोकळ्या जागांचा हिशेब लावता येतो. तीन-चार अक्षरांच्या आत खिसा आणि माणूस सारखेच दिसतात. तिथे मी आजूबाजूचं बघते. एकट्या `G.` नंतर ‘टाइप करत आहे’ असं बराच वेळ दिसत राहिलं आणि काहीच आलं नाही, तर बहुधा खिसा. तसं काही न दिसता सगळं शांत झालं, तर फोन लावते. व्हॉट्सॲपवर नुसत्या मोकळ्या जागांचा मेसेज जातच नाही, तेवढा एक त्रास वाचतो. उलट, लिहायची जागा रिकामी असली की पाठवायच्या बटणाच्या ठिकाणी ध्वनिमुद्रणाचं बटण असतं, त्यामुळे खिशातून कधीकधी आवाजही येतो: कापडाची खसखस, गिअर पडल्याचा आवाज, आणि मागे हॉर्न. त्यात ड्रायव्हर शेजारच्याशी नीट बोलताना ऐकू आला, की जीव भांड्यात पडतो.

जुने मेसेज मी पूर्वी दर आठवड्याला साफ करायचे, विशेषतः हे निरर्थक. आता करत नाही, आणि इतरांनाही करू देत नाही. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, आणि ते तास माणूस रुग्णालयात पोचल्यापासून मोजत नाहीत. तो शेवटचा व्यवस्थित कधी होता, तिथपासून मोजतात. डॉक्टर नातेवाइकांना पहिल्यांदा हेच विचारतात, आणि गाडीत एकटा असलेल्या माणसाबद्दल ते कुणालाच सांगता येत नाही. आमच्या फोनवर ते लिहिलेलं असतं. ‘द्वारका आलो’ हा नीट लिहिलेला शेवटचा मेसेज, त्याच्याखाली बारीक अक्षरांत त्याची वेळ. त्यानंतरचा बिघडलेला मजकूर आणि त्याचीही वेळ. मधे खिशाचे काही मेसेज असतील तर ते वगळायचे, कारण त्यांच्यावरून माणूस ठीक होता की नव्हता हे काहीच कळत नाही. आमच्या टेबलाच्या काचेखाली आता १०८च्या शेजारी हे लिहून ठेवलेलं आहे: माणसाचा शेवटचा नीट मेसेज किती वाजता, ते आधी सांगा.